इंग्रजीने भरलेला ऑफिसचा मेसेज बोलत्या मराठीत कसा आणायचा

ऑफिसच्या ग्रुपवरचा मेसेज मराठीत करायला सांगितला की बहुतेक जण मूळ मेसेज समोर ठेवतात, एकेका इंग्रजी शब्दावर बोट ठेवतात आणि त्याच्या जागी कोशातला मराठी शब्द बसवतात. तयार होतं ते कचेरीतलं परिपत्रक. ग्रुपवरची मंडळी ते वाचून हसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा 'काइंडली डू द नीडफुल' सुरू होतं. इथे शब्दांच्या निवडीपेक्षा कामाचा क्रम जास्त चुकतो. नामं सगळ्यात शेवटी बदलायची असतात. त्याआधी निरोप काय आहे ते ठरवायचं, मग क्रियापदं, मग वाक्याची बांधणी. त्या क्रमाने गेलं तर निम्मे इंग्रजी शब्द न बदलताच गळून पडतात.

पुढे एकच मेसेज घेऊन सगळे टप्पे करून दाखवले आहेत. चाकण भागातल्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यात डिस्पॅचवाला सकाळी जसा टाकेल तसा तो आहे:

> हाय टीम, गुड मॉर्निंग. ऑल प्लीज नोट, नाशिकच्या कस्टमरला जे मटेरियल काल डिस्पॅच केलं गेलं होतं, ते ड्यू टू व्हेइकल ब्रेकडाउन नारायणगावजवळ होल्डवर आहे. ट्रान्सपोर्टर अल्टरनेट व्हेइकल अरेंज करत आहे. वन्स व्हेइकल नंबर कन्फर्म झाला की अकाउंट्सने ई-वे बिलचा पार्ट बी अपडेट करावा. क्वालिटी टीमला रिक्वेस्ट आहे की रिमेनिंग 40 बॉक्सेसचं इन्स्पेक्शन ऑन प्रायॉरिटी कम्प्लीट करून रिपोर्ट ईओडीपर्यंत शेअर करावा. स्टोअर्सने स्टॉक चेक करून शॉर्टेज असेल तर इमिजिएटली इन्फॉर्म करावं. वी विल रिव्ह्यू द सिच्युएशन ॲट 4 पीएम. काइंडली कोऑपरेट अँड डू द नीडफुल.

आणि हे त्याचं शब्दाला शब्द मराठी, जे करायचं नाही:

> सर्व संबंधितांनी कृपया नोंद घ्यावी की, नाशिक येथील ग्राहकास काल प्रेषित करण्यात आलेले साहित्य वाहनातील बिघाडामुळे नारायणगावनजीक प्रलंबित आहे. वाहतूकदाराकडून पर्यायी वाहनाची व्यवस्था करण्यात येत आहे...

व्याकरणाची चूक यात नाही. पण कारखान्याच्या आवारात 'प्रेषित' म्हणणारा माणूस शोधून सापडणार नाही.

## टप्पा 1: निरोप वेगळा काढा

मूळ मेसेजची भाषा विसरून फक्त तीन गोष्टी कागदावर लिहा: काय झालं, कोणी काय करायचं, आणि कधीपर्यंत. आपल्या मेसेजमध्ये झालेली गोष्ट एक आहे, गाडी बंद पडली. कामं चार आहेत: ट्रान्सपोर्टवाल्याने दुसरी गाडी द्यायची, अकाउंट्सने पार्ट बी भरायचा, क्वालिटीने 40 बॉक्स तपासायचे, स्टोअर्सने माल मोजायचा. आणि 4 वाजता भेटायचं.

असं उतरवलं की मूळ मेसेजमध्ये काय सांगितलेलंच नाही ते दिसायला लागतं. 'ईओडी' म्हणजे किती वाजता? जनरल शिफ्ट संपताना, की रात्री बारा वाजता? 'इन्फॉर्म करावं', पण कोणाला? 'वी विल रिव्ह्यू' मधला 'वी' कोण: फक्त डिस्पॅच आणि वरचे साहेब, की ग्रुपमधले सगळे? 'होल्डवर आहे' म्हणजे माल अजून बंद गाडीतच आहे की उतरवून ठेवलाय?

मराठीत लिहायला बसलात की या प्रश्नांची उत्तरं लागतातच. 'वी'चंच बघा. मराठीत एक तर 'आम्ही' म्हणावं लागतं, नाही तर 'आपण'. 'आम्ही 4 वाजता बघू' असं लिहिलं तर क्वालिटीवाला येणार नाही, आणि 'आपण 4 वाजता बघू' लिहिलं तर तिन्ही विभाग हजर होतील. मधला पर्याय नाही. त्यामुळे ज्याने मेसेज लिहिलाय त्याला फोन करा आणि विचारून घ्या. आपल्या उदाहरणात अशी उत्तरं मिळाली असं धरू: संध्याकाळी 6 वाजता, डिस्पॅचच्या माणसाला, तिन्ही विभागांतून एकेक जण, माल गाडीतच आहे.

फोनवर तो आणखी एक गोष्ट सांगेल: पार्ट बीमध्ये नव्या गाडीचा नंबर भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही, वाटेत अडवली तर दंड बसतो. मूळ मेसेजमध्ये हे नव्हतं, कारण त्याच्या दृष्टीने ते उघड होतं. लिहिणाऱ्याने स्वतः सांगितलं म्हणून ते घालायचं. आपल्या मनाने घालायचं नाही.

सावध: 'आपण' हा शब्द आदराने 'तुम्ही' या अर्थीही येतो. 'आपण उद्या रिपोर्ट द्यायचा आहे' या वाक्यात रिपोर्ट कोण देणार ते कळत नाही. ऑफिसच्या मेसेजमध्ये समोरच्यासाठी सरळ 'तुम्ही' वापरा आणि 'आपण' फक्त 'तुम्ही-आम्ही मिळून' यासाठी राखून ठेवा.

## टप्पा 2: कोणते शब्द हलवायचे नाहीत ते आधी ठरवा

शब्द बदलायच्या आधी, न बदलायच्या शब्दांखाली रेघ मारा. हे आधी केलं नाही तर हात शिवशिवतात आणि 'रिपोर्ट'चा 'अहवाल' होतो.

कागदाचं किंवा संगणकाच्या पडद्यावरचं नाव जसंच्या तसं राहतं. ई-वे बिल, पार्ट बी, पीओ, चलन, गेटपास ही नावं आहेत. माणूस पोर्टल उघडून पार्ट बी शोधणार आहे. त्याला 'भाग ब' सांगितलं तर तो दुसरंच काही शोधत बसेल. बटणाचं नाव, फायलीचं नाव, पडद्यावर आलेला चूक दाखवणारा संदेश, ग्राहकाच्या मेलमधलं वाक्य यांना हात लावायचा नाही.

विभागांची नावंही राहतात. कारखान्यात 'स्टोअर्स', 'क्वालिटी', 'अकाउंट्स', 'डिस्पॅच' असंच म्हणतात. 'भांडार विभाग' हा शब्द सरकारी आणि निमसरकारी ठिकाणी रोजचा आहे, तिथे तोच लिहा. प्रश्न शब्द मराठी आहे की नाही हा नाही, त्या आवारातले लोक तो तोंडाने म्हणतात का हा आहे.

तिसरा गट सगळ्यात फसवा आहे. एकच शब्द एका जागी नाव असतो आणि दुसऱ्या जागी नुसती सवय. 'ब्रेकडाउन' घ्या. मेंटेनन्सवाल्यासाठी तो मोजायचा प्रकार आहे: कोणतं मशीन किती वेळ ब्रेकडाउनला होतं याची नोंद असते, तिथे तो शब्द काढला तर नोंद बिघडेल. पण नारायणगावजवळच्या ट्रकबद्दल बोलताना तो नुसता लांबलचक शब्द आहे. गाडी 'बंद पडली'. 'डिस्पॅच'ही असाच. विभागाचं नाव म्हणून राहतो, पण माल मात्र आपण 'सोडतो' किंवा 'पाठवतो'. 'इन्स्पेक्शन' हा कागदाच्या मथळ्यावरचा शब्द असेल तर कागदाच्या नावात तो ठेवा, काम सांगताना 'तपासा' म्हणा.

तपासा: एखादा शब्द ठेवायचा की काढायचा ते ठरत नसेल तर त्या विभागातला माणूस चहाच्या टपरीवर दुसऱ्याला तीच गोष्ट कशी सांगेल ते आठवा. तिथे तो 'मटेरियल' म्हणेल की 'माल'? माल म्हणतो. 'रिपोर्ट' म्हणेल की 'अहवाल'? रिपोर्ट म्हणतो. झालं.

## टप्पा 3: आता क्रियापदं

या कामातला सगळ्यात मोठा वेळ इथे जातो आणि जायलाच हवा. ऑफिसच्या मिसळ मराठीत बहुतेक इंग्रजी 'करणे' आणि 'होणे' यांच्या पाठीवर बसून आलेलं असतं: अरेंज करणे, कन्फर्म होणे, अपडेट करणे, शेअर करणे, चेक करणे, इन्फॉर्म करणे. प्रत्येक ठिकाणी 'करणे' ठेवून पुढचा शब्द मराठी केला की 'व्यवस्था करणे', 'निश्चित होणे', 'अद्ययावत करणे', 'सामायिक करणे' तयार होतात. परिपत्रकाचा वास येतो तो इथूनच. मराठीत या कामांना स्वतःची छोटी क्रियापदं आहेत. 'करणे'सकट अख्खा तुकडा उचला आणि त्या जागी ती बसवा.

'शेअर करा' म्हणजे ऑफिसात बहुतेक वेळा 'पाठवा'. ग्रुपवर असेल तर 'टाका'. कोणाला दाखवायचं असेल तर 'दाखवा'. 'अरेंज करत आहे' म्हणजे 'देतोय', 'बघतोय' किंवा 'पाठवतोय', जे खरं असेल ते. 'इन्फॉर्म करा' म्हणजे 'सांगा' किंवा 'कळवा'. 'कन्फर्म करा' म्हणजे कधी 'नक्की सांगा', कधी 'विचारून घ्या', कधी नुसतं 'हो की नाही ते कळवा'. आपल्या मेसेजमध्ये 'नंबर कन्फर्म झाला की' याचा अर्थ 'नंबर आला की', इतकाच आहे.

'अपडेट' आणि 'चेक' हे दोन शब्द खास वेळ मागतात, कारण ते काय करायचं ते सांगतच नाहीत. पार्ट बी अपडेट करायचा म्हणजे त्यात गाडीचा नवा नंबर भरायचा, म्हणून 'भरा'. पण 'मला अपडेट कर' म्हणजे 'काय झालं ते सांग', आणि 'शीट अपडेट कर' म्हणजे कधी 'आजचे आकडे घाल', कधी 'जुने काढून टाक'. 'स्टॉक चेक करा' हे स्टोअर्समध्ये दोन अर्थांनी घेतलं जाऊ शकतं: संगणकावरचा आकडा बघणे, किंवा रॅकपाशी जाऊन डबे मोजणे. या दोन आकड्यांत फरक पडतो म्हणून तर विचारलं जातं. मराठीत 'मोजा' लिहिलं की माणूस रॅकपाशी जातो. 'ताडून बघा' लिहिलं की दोन्ही आकडे समोर ठेवतो. क्वालिटीच्या बाबतीत मात्र 'तपासा' हाच शब्द, तो तिथे रुळलेला आहे.

नेहमीची चूक: 'इशू' दिसला की 'समस्या' लिहिणे. ऑफिसातली बोलती मराठी 'समस्या' फार कमी म्हणते. मशीनचा इशू म्हणजे बिघाड, ग्राहकाचा इशू म्हणजे तक्रार, बिलातला इशू म्हणजे चूक किंवा फरक, दोन माणसांतला इशू म्हणजे वाजलं आहे. कोणता ते ठरवून लिहा. खरंच ठरत नसेल तर 'अडचण' किंवा सरळ 'प्रॉब्लेम'. 'प्रॉब्लेम' मराठी तोंडात इतका बसलाय की त्याच्याशी भांडण्यात वेळ घालवू नये, असं माझं मत आहे.

## टप्पा 4: वाक्याची बांधणी मोडा

सगळे शब्द मराठी झाले तरी वाक्य इंग्रजीच्या चालीने चालू शकतं. मूळ मेसेजमध्ये अशा तीन जागा आहेत.

पहिली, 'जे मटेरियल काल डिस्पॅच केलं गेलं होतं, ते...'. असं 'जे... ते' मराठीत चालतं, पण अशा साध्या गोष्टीसाठी बोलताना आपण विशेषण नामाच्या आधी टाकतो: 'काल सोडलेला माल'. आठ शब्दांचे तीन झाले. 'ज्या बॉक्सेसचं इन्स्पेक्शन पेंडिंग आहे ते' याचं 'तपासायचे राहिलेले बॉक्स'. मोठ्या मेसेजमध्ये 'जो, जी, जे' शोधा आणि जिथे जमेल तिथे '-लेला' किंवा '-णारा' करून आधी आणा.

दुसरी, 'केलं गेलं', 'केलं जाईल', 'करण्यात येत आहे'. इंग्रजीत कर्ता लपवायची सोय आहे, ती इथे उचलून आणली जाते. ऑफिसात कर्ता लपला की काम कोणाचंच राहत नाही. 'माल पाठवला जाईल' ऐवजी 'माल आम्ही पाठवतो' किंवा 'माल निघेल'. मराठीत 'निघणे', 'पोचणे', 'लागणे', 'मिळणे', 'सुटणे' अशी क्रियापदं आहेत, ज्यांना कर्ता सांगायची गरजच पडत नाही आणि वाक्यही आडवं जात नाही. 'पेमेंट प्रोसेस केलं गेलं आहे' याचं 'पैसे सुटलेत' किंवा 'पैसे सोडलेत'.

तिसरी, 'रिक्वेस्ट आहे की', 'प्लीज नोट की', 'इन्फॉर्म करायचं आहे की'. ही सगळी शेपटं कापा. 'क्वालिटी टीमला रिक्वेस्ट आहे की बॉक्स तपासावेत' म्हणजे 'क्वालिटी, बॉक्स तपासा'. 'ड्यू टू' आणि 'वन्स' यांना वेगळा शब्द लागत नाही. 'मुळे' आणि 'की' शेपटीला लागून येतात. बऱ्याचदा तर 'मुळे'सुद्धा नको. 'गाडी बंद पडल्यामुळे माल अडकला आहे' यापेक्षा 'गाडी बंद पडली आहे, माल गाडीतच आहे' हे ग्रुपवर लवकर कळतं.

सावध: 'ऑन प्रायॉरिटी' याचं 'प्राधान्याने' करून थांबू नका. 'प्राधान्याने करा' वाचून कोणीही हातातलं काम खाली ठेवत नाही. 'आधी हे करा, बाकीचं नंतर' असं लिहा.

वेळेचंही इथेच उरका. 'ईओडी', 'फर्स्ट हाफ', 'एएसएपी' काढून घड्याळातली वेळ घाला. 'प्रीपोन' आणि 'पोस्टपोन' यांचं मराठी करताना 'मीटिंग पुढे घेतली' असं लिहू नका. काहींना ती उशिरा वाटते, काहींना लवकर. 'मीटिंग गुरुवारी होती, ती आता बुधवारी 11 वाजता' असं लिहिलं की प्रश्न उरत नाही. आणि 'मीटिंग' तसाच ठेवा. 'बैठक' म्हटलं की लोकांना मोठे साहेब आणि हारतुरे आठवतात.

## टप्पा 5: शब्द बदलला, आता आजूबाजूचं बदला

लिंगाचा घोटाळा इथे होतो, आणि तो मेसेज पाठवल्यावरच दिसतो. इंग्रजी शब्दाला मराठीत एक लिंग चिकटलेलं असतं. त्या जागी आलेल्या मराठी शब्दाचं लिंग वेगळं असेल तर विशेषण आणि क्रियापद दोन्ही बदलावी लागतात. 'मोठा प्रॉब्लेम आला' याचं 'मोठी अडचण आली'. 'अप्रूव्हल आलं' याचं 'मंजुरी आली'. 'मटेरियल अडकलंय, ते उतरवा' याचं 'माल अडकलाय, तो उतरवा'. नुसता शब्द बदलून पुढे गेलं तर 'माल अडकलंय' राहतं आणि सगळा मेसेज बाहेरच्या माणसाने लिहिल्यासारखा वाटतो. फोनवर 'शोधा आणि बदला' करणाऱ्यांच्या हातून हे हमखास होतं. 'लिस्ट' आणि 'यादी' दोन्ही 'ती', म्हणून तिथे कोणी अडखळत नाही, आणि म्हणूनच पुढच्या शब्दाला सावध राहत नाही.

प्रत्ययांकडेही बघा. इंग्रजी शब्दाला आपण बहुतेक 'मध्ये' लावतो, कारण त्याचं सामान्यरूप करायला जीभ कचरते: 'लिस्टमध्ये', 'सिस्टीममध्ये'. मराठी शब्द आला की 'त' पुरतो: 'यादीत', 'गाडीत', 'हिशेबात'. 'गाडीमध्ये' चुकीचं नाही, पण प्रत्येक ओळीत 'मध्ये' आलं तर ओळ अडखळते. इंग्रजी अनेकवचनाचा 'स'ही काढा. 'बॉक्सेसचं' नव्हे, 'बॉक्सचं'. 'फाइल्स' नव्हे, 'फायली'. 'अकाउंट्स' आणि 'स्टोअर्स' मात्र विभागाचं नाव म्हणून तसेच.

राहता राहिला 'केलं' की 'केले' हा प्रश्न. ग्रुपवर 'केलं, झालं, पाठवलं' लिहा. नोटीस बोर्डावर किंवा सहीच्या पत्रात 'केले, झाले, पाठवले'. एकाच मेसेजमध्ये दोन्ही आले तर वाचणाऱ्याला अर्धा मेसेज कुठून तरी चिकटवल्यासारखा वाटतो. शेवटी एकदा फक्त यासाठी नजर फिरवा.

## टप्पा 6: सूर

'प्लीज' काढलं की मेसेज उद्धट होईल अशी भीती असते, म्हणून तिथे 'कृपया' येतं. 'कृपया' फलकावर शोभतं. रोजच्या ग्रुपवर ते स्टेशनवरच्या घोषणेसारखं ऐकू येतं. मराठीत नम्रपणा वेगळ्या शब्दात नसतो, क्रियापदात आणि छोट्या शब्दांत असतो. 'पाठवा' हुकूम वाटत असेल तर 'पाठवून द्या'. त्याहून मऊ हवं असेल तर 'तेवढा रिपोर्ट पाठवाल का?' 'जरा', 'तेवढं', 'एकदा' यातला एक शब्द पुरतो. तिन्ही एका वाक्यात घातले तर गयावया होते.

'करावे, पाठवावे, कळवावे' ही रूपं मात्र नम्र वाटली तरी आदेशाची आहेत. बरोबरीच्या माणसांना ती लावू नका. शिस्तीची नोटीस किंवा वरून आलेली सूचना असेल तर ती ठीक, कारण तिथे अंतर ठेवायचंच असतं.

हाक मारण्यात मराठी आणण्याचा अट्टहास नको. जिथे सगळे 'सर' आणि 'मॅडम' म्हणतात तिथे 'महोदय' लिहिणं म्हणजे थट्टा. ड्रायव्हरला 'दादा', जुन्या स्टोअरकीपरला 'काका', ग्राहकाकडच्या खरेदीवाल्याला 'साहेब', जे तोंडी चालतं तेच लेखी. आणि 'हाय टीम'च्या जागी 'नमस्कार' पुरे. रोज दहा मेसेज पडणाऱ्या ग्रुपवर तेही नसलं तरी कोणी रागावत नाही.

'काइंडली कोऑपरेट अँड डू द नीडफुल' याचं मराठी करूच नका. 'सहकार्य करावे व आवश्यक ती कार्यवाही करावी' यात नवीन काही सांगितलेलं नाही. काय करायचं ते वर लिहून झालंय.

## टप्पा 7: पुन्हा लिहा, जुना मेसेज न बघता

आता मूळ मेसेज झाका आणि टप्पा 1 मध्ये काढलेल्या मुद्द्यांवरून लिहा. समोर मूळ ठेवून लिहिलंत तर त्याची चाल परत शिरते. सुचत नसेल तर मनात एका माणसाला फोन लावा आणि तोंडात जे येईल तेच उतरवा.

> नमस्कार. काल नाशिकला सोडलेली गाडी नारायणगावजवळ बंद पडली आहे. माल गाडीतच आहे. ट्रान्सपोर्टवाले दुसरी गाडी देतायत.
>
> अकाउंट्स: नव्या गाडीचा नंबर मी इथेच टाकतो. आला की लगेच ई-वे बिलचा पार्ट बी भरा. तो भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही.
>
> क्वालिटी: राहिलेले 40 बॉक्स आधी तपासा, बाकीचं नंतर. रिपोर्ट आज संध्याकाळी 6 पर्यंत पाठवून द्या.
>
> स्टोअर्स: शिल्लक माल मोजून बघा. कमी पडत असेल तर लगेच मला फोन करा.
>
> 4 वाजता आपण डिस्पॅचला भेटू. तिन्हीकडून एकेक जण या.

यात इंग्रजीतून आलेले शब्द डझनभर तरी आहेत आणि ते लपवायची गरज नाही. जे गेले त्यातले बहुतेक क्रियापदाच्या पोटातले होते. 'कस्टमर'ला दुसरा शब्दही द्यावा लागला नाही. 'नाशिकला सोडलेली गाडी' म्हटलं की कोणाची ते ग्रुपला माहीत आहे. गाड्या दोन-तीन सुटलेल्या असतील तर मात्र ग्राहकाचं नाव घाला.

'मी इथेच टाकतो' हे मूळ मेसेजमध्ये नव्हतं. तिथे नंबर 'कन्फर्म होणार' होता, कोणाकडून ते गुलदस्त्यात. ही जागाही लिहिणाऱ्याला विचारूनच भरायची.

## टप्पा 8: पाठवण्याआधी ताडून बघा

एकदा मोठ्याने वाचा. जिथे श्वास मध्येच तुटतो ते वाक्य तोडा. मग मूळ मेसेज पुन्हा उघडा आणि फक्त आकडे आणि नावं ताडा: 40 बॉक्स, 4 वाजता, नाशिक, नारायणगाव, पार्ट बी. भाषेकडे लक्ष असताना आकडा चुकला तर तो दिसत नाही, म्हणून ही फेरी वेगळी.

त्यानंतर ज्याला मेसेजमध्ये काम आहे अशा एकाला आधी दाखवा आणि 'कसं वाटलं?' असं विचारू नका, कारण तो 'छान' म्हणेल. 'तुला काय करायचंय?' असं विचारा. स्टोअर्सचा माणूस 'मोजून तुम्हाला फोन करायचा' म्हणाला तर मेसेज तयार आहे. 'सिस्टीम बघून सांगतो' म्हणाला तर 'मोजून' पुरेसं ठरलेलं नाही. 'रॅकवर जाऊन मोजा' असं करा.

## त्याच निरोपाची दुसरी आवृत्ती

ग्रुपचा मेसेज तसाच उचलून ग्राहकाला पाठवू नये. त्याला तुमच्या पार्ट बीशी देणंघेणं नाही. त्याला माल कधी येणार ते हवंय. आदर वाढतो, विभागांची नावं गळतात:

> साहेब, नमस्कार. काल तुमच्याकडे पाठवलेली गाडी नारायणगावजवळ बंद पडली आहे. माल व्यवस्थित आहे. आम्ही दुसऱ्या गाडीची सोय करतोय. ती निघाली की गाडीचा नंबर आणि पोचायची वेळ कळवतो. तुमची लाइन थांबण्यासारखी असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे थोडा माल छोट्या गाडीने पुढे पाठवता येईल.

इथे 'आम्ही' आहे, 'आपण' नाही, कारण सोय करायची जबाबदारी एकाच बाजूची आहे. 'लाइन थांबणे' हा त्या धंद्यातला शब्द, तो तसाच. 'माल व्यवस्थित आहे' हे ड्रायव्हरला विचारून खात्री केली असेल तरच लिहायचं. आणि छोट्या गाडीचं वाक्य डिस्पॅचने होकार दिला नसेल तर काढून टाकायचं. मराठी कितीही छान जमलं तरी ग्राहक ते वचन म्हणूनच वाचतो.